एफवायच्या मुलांसाठी व्हर्च्युअल मशीनची कार्यशाळा: दोन तासांत काय बसवू?

तासिकातत्त्व

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला शिकवतो. आयडीवरून कोणत्या तत्त्वावर ते कळलंच असेल. पुढच्या शनिवारी एफवायच्या मुलांना व्हर्च्युअल मशीनची ओळख करून द्यायला दोन तासांची कार्यशाळा घ्या, असं विभागप्रमुख मॅडमनी सांगितलंय.

लॅबमध्ये ३० पीसी धडपणे चालतात. i3, ८ जीबी रॅम, विंडोज १०, साधी हार्डडिस्क. मुलं ३६. निम्म्यांनी बारावीपर्यंत फक्त मोबाईल हाताळलाय. हुशार आहेत, पण फाइल कुठे सेव्ह झाली विचारलं की छताकडे बघतात.

माझा कच्चा आराखडा असा: पहिला अर्धा तास पीपीटी (इतिहास, हायपरव्हायझरचे दोन प्रकार, फायदे-तोटे), मग ५० मिनिटं व्हर्च्युअलबॉक्स आणि त्यात उबुंटू इन्स्टॉल करणं, मग २० मिनिटं मुलांनी आपापलं बघायचं, उरलेली २० प्रश्नोत्तरं. बसेल का?

कोथरूडकर

नाही बसणार.

जावाकाका

उत्तम विषय निवडलात सर. माझं मत असं, की सुरुवात बाइटकोडपासून करा. `javac` ने `.class` फाइल तयार होते ती आधी दाखवा, मग तीच फाइल विंडोजवर आणि लिनक्सवर चालवून दाखवा. गार्बेज कलेक्शन एफवायला नको, ते एसवायला घ्या.

रेडिओवाला

काका, ते जावाचं. हे अख्खा कॉम्प्युटर कॉम्प्युटरच्या पोटात चालवतात ते. :)

जावाकाका

अरेच्चा. असो, `.class` फाइलचं मात्र कधीतरी दाखवाच.

सर्व्हररूम

तासिकातत्त्व, आराखड्यातला सगळ्यात कच्चा भाग ती ५० मिनिटं. उबुंटू डेस्कटॉपची सध्याची आयएसओ सहा जीबीच्या आसपास आहे, आणि आत नीट चालायला चार जीबी रॅम मागते. तुमच्या ८ जीबीतून विंडोजने तीन-साडेतीन आधीच घेतलेली असते. साध्या हार्डडिस्कवर ३० मशीन एकाच वेळी इन्स्टॉल करायला लागली की ५० मिनिटांत प्रोग्रेस बार अर्ध्यावर असेल, आणि तोवर मुलं मोबाईलमध्ये गेलेली असतील. पूर्ण झालं तरी शिकले काय? Next कुठे दाबायचं.

इन्स्टॉलेशन वगळा. तुम्ही घरी एक डेबियन तयार करा, डेस्कटॉपशिवाय, नुसती काळी स्क्रीन. रॅम १ जीबी, प्रोसेसर १, EFI ची खूण न करता साधं बायोस, सगळं एकाच पार्टिशनवर. त्यात `python3` घालून ठेवा, पुढे लागेल. मग File मेनूतून Export Appliance करून एक `.ova` फाइल काढा. ती साधारण ७०० एमबीच्या आत बसते. मुलांनी फक्त ती इम्पोर्ट करायची आणि Start दाबायचं. दहाव्या मिनिटाला प्रत्येकापुढे चालू मशीन हवं.

आता त्या मशीनवर करायचं काय. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसावी असं मला वाटतं: या मशीनमध्ये खरं काय आणि खोटं काय. त्याला दोन ओळी पुरतात.

```
cat /sys/class/dmi/id/product_name
grep -m1 "model name" /proc/cpuinfo
```

पहिल्या ओळीचं उत्तर येतं `VirtualBox`. म्हणजे आतल्या लिनक्सला वाटतंय की आपण व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या मॉडेलच्या पीसीवर बसलोय. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुमच्या लॅबमधला खराखुरा i3, मॉडेल नंबरासकट. इथे थांबा आणि मुलांना विचारा: मदरबोर्ड खोटा, मग प्रोसेसर खरा कसा?

पाच मिनिटं शांत बसा. कोणीतरी बोलेलच. उत्तर असं, की आतल्या प्रोग्रामच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवरच चालतात, मधे कोणी भाषांतर करत नाही. डिस्क, नेटवर्क कार्ड, मदरबोर्ड ही सोंगं सॉफ्टवेअरने उभी केलेली. म्हणून गणित भराभर होतं आणि डिस्कचं काम रेंगाळतं. हे कळलं की हायपरव्हायझर हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

मनवा_एसवाय

मी विद्यार्थिनी आहे, मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात अशीच कार्यशाळा झाली. खरं सांगते, पीपीटीतलं काहीच आठवत नाही. १९७२ साली आयबीएमने काहीतरी केलं एवढं आठवतं, कारण ते वायव्हात विचारलं. इन्स्टॉल करताना माझ्या मशीनवर लाल एरर आली, सर येईपर्यंत मी शेजारणीचं बघत बसले. शेवटपर्यंत तेच.

सर्व्हररूम

@मनवा, त्या एररमध्ये `VERR_` ने सुरू होणारा शब्द होता का?

मनवा_एसवाय

हो! आणि BIOS असं काहीतरी. फोटो काढला होता, थांबा. `VERR_VMX_MSR_ALL_VMX_DISABLED`.

सर्व्हररूम

अगदी तीच. प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची सोय असते, पण ती बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून त्या सोयीशिवाय चालतच नाही. जुन्या आवृत्त्या ३२ बिटचं कसंबसं ओढायच्या, आता ते नाही.

म्हणून तासिकातत्त्व, शनिवारचं यश शुक्रवारी ठरणार आहे. प्रत्येक पीसीवर टास्क मॅनेजर उघडा (Ctrl+Shift+Esc), Performance, मग CPU. खाली उजवीकडे `Virtualization: Enabled` दिसलं तर पुढच्या पीसीकडे जा. Disabled असेल तर बायोस. तिथे नाव कंपनीगणिक बदलतं: कुठे Intel Virtualization Technology, कुठे VTx, कुठे Virtualization Support, एएमडी असेल तर SVM Mode. सेव्ह केल्यावर नुसतं रीस्टार्ट न करता एकदा पूर्ण बंद करून चालू करा, काही मशीनना तेच लागतं.

लॅबदादा

मी एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. सर्व्हररूमसाहेब बोलले ते बरोबर, पण बायोसला पासवर्ड असतो हे विसरले. तो मशीन पुरवणाऱ्याने टाकलेला असतो आणि त्याचा मुलगा फोन उचलतो. शुक्रवार नको, बुधवारपासून लागा.

आणि आणखी एक. लॅबमध्ये रीस्टार्ट झालं की सगळं पूर्वीसारखं करणारं सॉफ्टवेअर बसवलंय का बघा. असेल तर शुक्रवारी बसवलेलं व्हर्च्युअलबॉक्स शनिवारी सकाळी गायब असेल. आधी ते संरक्षण काढायचं, व्हर्च्युअलबॉक्स बसवायचं, मग परत लावायचं. मशीनच्या फाइली डी ड्राइव्हला ठेवायच्या.

तासिकातत्त्व

लॅबदादा, तुम्ही आमच्याच कॉलेजात आहात का? पासवर्डचं हुबेहूब. आणि हो, ते गोठवणारं सॉफ्टवेअर आहे आमच्याकडे.

सर्व्हररूम

मग हेही लक्षात ठेवा. डी ड्राइव्हला मशीन ठेवलं तरी व्हर्च्युअलबॉक्सची यादी सी ड्राइव्हवर युजरच्या फोल्डरमध्ये असते. मधेच वीज गेली आणि पीसी परत चालू झाला की यादी रिकामी दिसेल आणि मुलं म्हणतील मशीन उडालं. उडालेलं नसतं. Machine मेनूतून Add करून डी वरची `.vbox` फाइल दाखवली की परत येतं. आधीच सांगून ठेवा, म्हणजे रडारड नको.

गेमर_निखिल

सोपा उपाय सांगतो. गेस्टला ६ जीबी रॅम द्या, सुसाट पळेल. मी घरी तसंच करतो.

रेडिओवाला

घरी किती जीबी आहे तुझ्याकडे?

गेमर_निखिल

३२.

रेडिओवाला

:D

सर्व्हररूम

निखिलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, रॅम कमी पडली की आतलं मशीन रेंगाळतं हे खरं. पण रॅम खरी द्यावी लागते, ती कुठून निर्माण होत नाही. ८ मधले ६ दिले तर विंडोज उरलेल्या दोनात गुदमरेल, हार्डडिस्कवर स्वॅप सुरू होईल आणि दोन्ही अडकतील. सेटिंगमधली ती पट्टी हिरव्यात असेपर्यंतच पुढे सरकवा. काळ्या स्क्रीनच्या डेबियनला १ जीबी चिक्कार झाले.

उलट याचाच पाठ करा. आत `free -m` आणि `nproc` चालवायला लावा, आकडे वहीत लिहायला सांगा. मग मशीन `poweroff`, सेटिंगमध्ये प्रोसेसर दोन, रॅम दीड जीबी, पुन्हा चालू, पुन्हा तेच. `nproc` दोन दाखवतं. स्क्रू ड्रायव्हर न लावता पीसीचा प्रोसेसर वाढला याचं एफवायच्या पोरांना जे वाटतं ते कुठल्याही स्लाइडने वाटत नाही. चालू मशीनवर बदलायला गेले तर पट्टी करडी असते, हलत नाही. त्यांनी विचारावं लागतं की का. विचारू द्या.

पेजमेकर_अप्पा

मी शिक्षक नाही, डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक. माझ्याकडे जुन्या फॉन्टमधल्या वीस वर्षांच्या फाइली आहेत, त्या पेजमेकरमध्येच उघडतात आणि ते नव्या विंडोजवर नाटकं करतं. भाच्याने व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज एक्सपी टाकून दिलं, त्यात सगळं चालतं. मुलांना हे उदाहरण द्या सर, क्लाउड-बिउड नंतर. अडचण एकच, फॉन्टचं डाँगल कधीकधी आत दिसत नाही.

रेडिओवाला

अप्पा, यूएसबीचं डाँगल असेल तर मशीनच्या Settings मध्ये USB मध्ये जाऊन त्या डाँगलचं फिल्टर जोडा, म्हणजे लावल्या लावल्या ते आतल्या एक्सपीकडे जाईल. बाहेरच्या विंडोजने आधी पकडलं की आत दिसत नाही. आणि त्या एक्सपीचं इंटरनेट तोडून ठेवा, नेटवर्क अडॅप्टरची खूण काढली की झालं. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलाय.

पेजमेकर_अप्पा

इंटरनेट तोडलं तर पीडीएफ पाठवू कशी?

रेडिओवाला

शेअर्ड फोल्डरमधून बाहेर काढा, बाहेरून पाठवा.

गेमर_निखिल

पण व्हीएममध्ये व्हायरस आला तरी काय फरक पडतो? मजाच ती. वर्कशॉपमध्ये एक व्हायरस उघडून दाखवा ना सर, पोरं खूश होतील.

सर्व्हररूम

नको. आत्ताच अप्पांना शेअर्ड फोल्डर सांगितलं ना? तोच रस्ता व्हायरसलाही मिळतो. आतला रॅन्समवेअर शेअर्ड फोल्डरमधल्या फाइली बिनदिक्कत लॉक करतो, त्याला बाहेरचं आतलं कळत नाही. नेटवर्क ब्रिज्ड असेल तर तो लॅबमधल्या बाकीच्या पीसींना थेट दिसतो. भिंत जाड आहे, पण दारं आपणच उघडतो.

मोडतोडच दाखवायची तर स्वतःच्या हाताने करायला लावा. स्नॅपशॉट घ्या, नाव द्या "चांगलं". मग आत रूट म्हणून हे:

```
rm -rf /boot
```

आता गंमत अशी, की काहीच होत नाही. `ls` चालतं, `date` चालतं. पोरं म्हणतात, सर, काही झालंच नाही. कारण कर्नल आधीच मेमरीत येऊन बसलाय, चालू मशीनला `/boot` ची गरज नाही. मग `reboot` करायला सांगा. तेव्हा हे येतं:

```
error: file `/boot/grub/i386-pc/normal.mod' not found.
Entering rescue mode...
grub rescue>
```

लॅबमध्ये एकदम शांतता पसरते. मग मशीन बंद करून स्नॅपशॉटवर परतायचं. अर्ध्या मिनिटात जसंच्या तसं. इथे निम्मी मुलं अडकतात, कारण मशीन चालू असेल तर Restore चं बटण करडं असतं. खिडकी बंद करताना Power off निवडा, खाली `Restore current snapshot` ची खूण असते ती करा.

वर्षा_मॅडम

मी सतरा वर्षं शिकवतेय आणि या `rm` ला माझा सक्त विरोध आहे. आज तुम्ही शिकवाल, उद्या पोरगं दुसऱ्या खिडकीत टाइप करेल. आमच्या लॅबला विंडोजबरोबर उबुंटूही आहे, ड्युअल बूट. तिथे एका मुलाने खऱ्या मशीनवर असलंच काहीतरी केलं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही लॅब परत उभी करत बसलो. विध्वंस दाखवून कुतूहल जागवायचं ही मला शिकवण्याची पद्धत वाटत नाही.

सर्व्हररूम

मॅडम, मुद्दा रास्त आहे. पण तासिकातत्त्वांचा होस्ट विंडोज आहे, कमांड प्रॉम्प्टला `rm` कळतच नाही. शिवाय मी `/` नाही, फक्त `/boot` म्हटलंय. मोडण्याचा अनुभव नाही घेतला तर स्नॅपशॉट म्हणजे नुसती मेनूतली एक ओळ राहते.

वर्षा_मॅडम

तुमच्या हाताखाली सिस्टिम अॅडमिन असतात, माझ्या हाताखाली अठरा वर्षांची मुलं. माझ्याकडे मी `/etc/hostname` बदलायला लावते, एखादं पॅकेज काढून टाकायला लावते, मग परत आणते. तेवढं पुरतं.

कोथरूडकर

`hostname` बदलल्यावर शांतता पसरत नाही ओ मॅडम.

वर्षा_मॅडम

नको पसरू दे.

लॅबदादा

मधला मार्ग. आतल्या मशीनचा प्रॉम्प्ट लाल करा. `.bashrc` मध्ये एक ओळ घातली की झालं, ओव्हीए बनवतानाच घाला. मुलांना सांगायचं, लाल दिसलं तरच एंटर. आमच्याकडे हे चालतं.

सर्व्हररूम

लॅबदादा, उत्तम. आणि स्नॅपशॉटबद्दल एक पुरवणी, नाहीतर मुलं तेच बॅकअप समजतील. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्कची फाइल तशीच राहते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलीत जमा होतात. दोन्ही त्याच हार्डडिस्कवर. मूळ फाइल गेली की स्नॅपशॉटही गेले. मशीनचं फोल्डर उघडून दाखवा, तिथे दुसरी `.vdi` किंवा `.vmdk` वाढताना दिसते.

डॉकरवाली

हे सगळं ठीक, पण २०१० च्या जमान्यातलं नाही का वाटत? आता सगळं कंटेनरवर चालतं. डॉकर शिकवा, सेकंदात सुरू होतं, रॅम खात नाही. शेवटी दोन्ही एकच.

रेडिओवाला

एकच नाही हो. वाड्यात बिऱ्हाडं वेगळी असली तरी पाया एक असतो, तसं कंटेनरचं. कर्नल सगळ्यांचा एकच. व्हीएम म्हणजे शेजारी वेगळं घर, स्वतःच्या पायासकट. लिनक्सवर कंटेनरमध्ये `uname -r` करून बघा, बाहेरचाच आकडा येतो. व्हीएममध्ये आतला वेगळा. विंडोजवर डॉकर चालवता तेव्हा तर खाली गुपचूप लिनक्सचं व्हीएमच चालू असतं.

डॉकरवाली

ते माहीत आहे. माझा मुद्दा नोकरीचा होता.

सर्व्हररूम

एफवायच्या मुलाला नोकरी तीन वर्षांनी लागेल. पण तुमच्या बोलण्यात एक उपयोगी गोष्ट आहे. ज्या पीसीवर डॉकर किंवा डब्ल्यूएसएल २ बसवलंय तिथे विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर आधीच चालू असतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मागे उभं राहावं लागतं. चालतं, पण फार हळू. ओळखायची खूण म्हणजे मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतं. थट्टा नाही, खरंच कासव आहे. `systeminfo` च्या शेवटी `A hypervisor has been detected` आलं तरी तेच. अॅडमिन म्हणून

```
bcdedit /set hypervisorlaunchtype off
```

आणि रीस्टार्ट. तरीही कासव राहिलं तर विंडोज सिक्युरिटीत Core isolation मधलं Memory integrity बघा. पण मग त्या पीसीवर डॉकर बंद पडेल, म्हणून कार्यशाळा झाली की `off` च्या जागी `auto` करून ठेवा.

मनवा_एसवाय

आमच्या वर्गात एकाकडे एम१ मॅकबुक आहे. त्याने सरांची तीच फाइल घरी उघडली तर चाललीच नाही. सर म्हणाले डाउनलोड खराब झालं असेल.

सर्व्हररूम

डाउनलोड खराब नव्हतं. त्या मॅकचा प्रोसेसर एआरएम, फाइल इंटेलसाठी बनवलेली. वर म्हटलं ना, सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. इथे प्रोसेसरला ती भाषाच येत नाही. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून एआरएम मॅकवर चालतं, पण आत एआरएमचंच लिनक्स हवं. यूटीएममध्ये इंटेलचं मशीन चालू होईल, पण तिथे एकेक सूचना भाषांतर होऊन जाते, कासवही पळालेलं वाटेल.

खरं तर तासिकातत्त्वांच्या वर्गात असा एखादा मॅक असला तर तो पुढे बोलवा. "प्रोसेसर खरा" या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही.

तासिकातत्त्व

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. एक, नेटवर्क घ्यावं का? काल घरी दोन मशीन चालवली, दोन्हीत आयपी `10.0.2.15`. दोन मशीनचा एकच आयपी कसा? दुसरी, ती ७०० एमबीची फाइल शनिवारी सकाळी लॅबच्या सर्व्हरवरून कॉपी होईल ना?

सर्व्हररूम

दुसरं आधी. तुमचा स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर सर्व्हरकडून सेकंदाला जेमतेम ११ एमबी निघतात. ३० पीसी गुणिले ७०० एमबी म्हणजे २१ जीबी. अर्ध्या तासाहून जास्त, तेही सगळं सुरळीत झालं तर. कार्यशाळेत नाही परवडणार. शुक्रवारीच पेनड्राइव्हने प्रत्येक डी ड्राइव्हला टाका.

पहिलं हा तर कार्यशाळेतला सगळ्यात मजेचा भाग. नेटवर्क NAT वर असलं की व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनला स्वतःचं वेगळं छोटं जाळं देतं आणि प्रत्येक जाळ्यात पहिल्या मशीनला `10.0.2.15` च मिळतो. सगळ्यांना `ip a` करून आयपी मोठ्याने वाचायला सांगा. ३० तोंडातून एकच आकडा येईल. मग विचारा, शेजारच्याला पिंग करून दाखवा. पिंगला उत्तर येतं, मुलं खूश होतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की आपण स्वतःलाच पिंग करतोय.

मग दार उघडायचं. Settings, Network, Port Forwarding, होस्ट पोर्ट ८०००, गेस्ट पोर्ट ८०००. आत:

```
echo "namaskar" > index.html
python3 -m http.server 8000
```

आणि विंडोजच्या ब्राउझरमध्ये `localhost:8000`. काळ्या स्क्रीनमध्ये लिहिलेलं बाहेर पान म्हणून दिसतं. सर्व्हर म्हणजे काय ते इथे न सांगता कळतं.

ब्रिज्ड करू नका. एकाच ओव्हीएची मशीन ३० जागी, इम्पोर्ट करताना मॅक अॅड्रेस नवे घेतले नाहीत तर सगळ्यांचा एकच, आणि लॅबचं डीएचसीपी वेडं होईल.

लॅबदादा

आणि कॉलेजच्या वायफायचं लॉगिन पान आलं की संपलंच. ब्रिज्ड नकोच.

तासिकातत्त्व

मग नवा आराखडा असा लिहिलाय. शुक्रवारपर्यंत टास्क मॅनेजरची फेरी, बायोस, व्हर्च्युअलबॉक्स आणि ओव्हीए डी ड्राइव्हला. शनिवारी पहिली १५ मिनिटं इम्पोर्ट आणि लॉगिन, एक्स्टेन्शन पॅक वगैरे काही नाही. पुढची २० मिनिटं खरं-खोटं, म्हणजे त्या दोन ओळी आणि चर्चा. मग २० मिनिटं रॅम-प्रोसेसर बदलणं. १० मिनिटं सुट्टी. मग ३० मिनिटं स्नॅपशॉट. `rm` मी एकटा प्रोजेक्टरवर करेन, मुलं पॅकेज काढतील आणि परत आणतील. वर्षा मॅडम आणि सर्व्हररूम दोघांनीही माफ करावं. मग १५ मिनिटं नेटवर्क. शेवटच्या दहात एका फळ्यावर हायपरव्हायझरचे दोन प्रकार आणि अप्पांचं दुकान.

सर्व्हररूम

प्रोजेक्टरवर केलं तर निम्मी मजा जाते. पण वर्ग तुमचा. नेटवर्कला १५ कमी पडतील, सुट्टी काढा.

वर्षा_मॅडम

सुट्टी काढू नका. दोन तास काळ्या स्क्रीनकडे बघून मुलं झोपतात. त्यापेक्षा रॅमचे २० मधले पाच घ्या.

आणि हजेरी, फीडबॅक फॉर्म, जिओटॅग फोटो हे कुठे धरलंय? नॅकच्या फायलीला लागतं ते.

तासिकातत्त्व

देवा. ते धरलंच नाही.

कोथरूडकर

फोटो `grub rescue>` च्या वेळी काढा. सगळे स्क्रीनकडे बघत असतील, सहभाग दिसेल.

लॅबदादा

३६ मुलं ३० पीसी, म्हणजे सहा जोड्या होणार. जोडीत एकच टाइप करतो आणि दुसरा मान हलवतो. सुट्टीनंतर कीबोर्ड दुसऱ्याकडे द्यायचा असं आधीच जाहीर करा. आणि राइट कंट्रोल दाबलं की माउस बाहेर येतो हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर दोन तास तेवढंच सांगत फिराल.

मनवा_एसवाय

सर, ती ओव्हीए इथे पण टाकाल का? आमच्या सरांना पाठवते.

तासिकातत्त्व

टाकतो, लाल प्रॉम्प्टसकट. बायोसचा पासवर्ड मिळाला की सांगतो. त्या मुलाने अजून फोन उचलला नाहीये.